हात धुण्याचा पाठ, दुसरीचा वर्ग: प्रात्यक्षिक कुठलं करू?

दुसरीची_बाई: वर्गात २४ मुलं आहेत आणि पाठाला ३५ मिनिटं मिळतील. आधी प्रात्यक्षिक, मग हात कुठे कुठे चोळायचे त्याची यादी आणि पुढे आठवडाभर नोंद असं योजलंय. मागच्या वर्षी हात धुतल्याच्या तक्त्यावर सगळ्यांनी सगळ्या खुणा केल्या होत्या, हात मात्र मळकेच. काय बदलू?

रंगीत_खडू: मिरपुडीचा प्रयोग करा. ताटलीतल्या पाण्यावर पूड भुरभुरून साबणाचं बोट बुडवलं की ती कडेला पळते. जंतू असेच पळतात हे मुलांना लगेच पटतं.

शाळेतली_नर्स: मुलं खूश होतात, पण शिकतात चुकीचं. पूड पळते ती पाण्याचा पृष्ठताण मोडल्यामुळे. नुसतं साबणाचं बोट लावलं की झालं, असं त्यांना वाटतं. चोळणं राहूनच जातं.

त्यापेक्षा तळहातावर तेलाचे चार थेंब घाला, निळ्या खडूची चिमूटभर पूड टाका आणि हातभर पसरवा. एकाने नुसत्या पाण्याने धुवायचं, दुसऱ्याने साबण लावून लगेच, तिसऱ्याने साबणाने २० सेकंद चोळून. पहिल्याच्या हातावर तेल तसंच राहतं. दुसऱ्याचे तळवे स्वच्छ होतात, पण अंगठा, नखांच्या कडा आणि बोटांच्या बेचक्या निळ्याच राहतात. तिथेच थांबा आणि विचारा, "कुठे राहिलं?" यादी मुलांच्या उत्तरांतूनच तयार होते. हळद मात्र वापरू नका. साबणानेही तिचा डाग राहतो आणि मुलं म्हणतात, साबण चालत नाही.

आई_दोघांची: माझ्या मुलीच्या हाताला इसब आहे, साबणाने भेगा पडतात. तिनेही २० सेकंद चोळायचं का?

शाळेतली_नर्स: ताई, तिला प्रयोगात घेऊ नका, तिने वेळ मोजावी. एरवी बिनवासाचा सौम्य साबण, कोमट पाणी, हात टिपून कोरडे करणं आणि लगेच मलम. साबण कोणता, ते तिच्या डॉक्टरांना विचारा.

दुसरीची_बाई: आणि नोंदीचं काय?

शाळेतली_नर्स: दिवसभरातल्या सगळ्या हात धुण्यांची नोंद ठेवू नका, फक्त जेवणाआधीची ठेवा. द्रवसाबणाच्या बाटलीवर रोज सकाळी पातळीला चिकटपट्टी लावा. आधी २४ वेळा दाबून पातळी किती उतरते ते पाहून ठेवा. माझ्याकडे सोमवारी २४ खुणा होत्या, साबण जेमतेम दहा जणांचा गेलेला. मी कुणालाच बोलले नाही, फक्त बाटली वर्गाला दाखवली. शुक्रवारी खुणा १९ झाल्या आणि साबणही जवळपास तेवढाच. खुणा कमी झाल्या, पण खऱ्या झाल्या.

रंगीत_खडू: बाटलीशी खेळत कुणी चार-चारदा दाबलं तर?

शाळेतली_नर्स: होतं तसं. म्हणून नळापाशी एक मूल उभं करते. तरी हिशेब ढोबळच राहतो.

दुसरीची_बाई: आमच्याकडे वडीचा साबण आहे. त्याची पातळी कशी बघू?