मदत हवी आहे: खातेउताऱ्याची स्पष्ट दुय्यम प्रत मागणारे पत्र

सदाफुली: वडिलांच्या बचत खात्याचा 2022-23 चा उतारा शाखेने दिला, परंतु ती पानांची मोबाइलवर काढलेली छायाचित्रे असून कडेचे रकाने कापले गेले आहेत. वकिलांना तो दिवाणी दाव्यात दाखल करायचा आहे. ‘दिलेला उतारा अस्पष्ट आहे, तरी स्पष्ट प्रत मिळावी’ एवढे लिहिले तर पुरेल का? पत्र उद्याच द्यायचे आहे, कृपया लवकर सांगा.

जुना_रोखपाल: कोणते रकाने गेले आहेत, कोणत्या पानांवर, आणि पत्रावर सही कोण करणार, हे कळल्याशिवाय काय सांगणार? नुसते ‘अस्पष्ट’ लिहिलेत तर तीच छायाचित्रे पुन्हा छापून हातात पडतील.

सदाफुली: ‘शिल्लक’ सगळ्याच पानांवर नाही. पान 3 वर ‘जमा’चे शेवटचे आकडेही कापले आहेत. वडील आता नाहीत. खात्यावर आईचेही नाव आहे.

गणिती: बँकेत कशाला जाता? पासबुकातली शिल्लक घ्या आणि उरलेले आकडे वजाबाकीने भरा.

सदाफुली: पासबुकात पान 3 च्या आरंभी 41,250 आणि अखेरीस 52,750 आहेत. नावे रकमांची बेरीज 6,000 येते, पण जमा नोंदी दोन आहेत.

जुना_रोखपाल: म्हणजे जमा एकूण 17,500 झाली, पण त्यातली कोणती नोंद केवढी, हे वजाबाकी सांगू शकत नाही, आणि दाव्यात नेमका तोच प्रश्न विचारला जाईल. एकच जमा असती तर गणितींचे म्हणणे पटले असते, तरीही हाताने भरलेला आकडा हा बँकेचा पुरावा ठरत नाही.

परदेशी_पाखरू: मी व्हिसासाठी नेटबँकिंगवरून पीडीएफ काढला, पाच मिनिटांत मिळाला.

जुना_रोखपाल: व्हिसाला तो चालतो, पण येथे प्रमाणित प्रत हवी. सही सहखातेदार म्हणून आईंची घ्या आणि असे लिहा: ‘आपण दिलेल्या उताऱ्याच्या सर्व पानांवरील शिल्लक रकाना व पान 3 वरील जमा रकान्याचे शेवटचे अंक कापले गेले आहेत. सदर पानांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. तरी 1 एप्रिल 2022 ते 31 मार्च 2023 या कालावधीचा उतारा छायाचित्र न काढता थेट संगणक प्रणालीतून, सर्व रकान्यांसह छापून, बँकर्स बुक्स एव्हिडन्स अ‍ॅक्ट, 1891 च्या कलम 2अ नुसार लागणाऱ्या प्रमाणपत्रांसह द्यावा.’ पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यायला विसरू नका.

गणिती: कलम लिहिले की शाखा घाबरून अर्ज मुख्यालयाकडे ढकलते, हा माझा अनुभव आहे. साधी विनंतीच बरी.

जुना_रोखपाल: ढकलू द्या. प्रमाणपत्राविना मिळालेल्या उताऱ्यावर समोरचे वकील पहिल्याच तारखेला हरकत घेतील.

सदाफुली: याला शुल्क पडते का? आधीचा उतारा शाखेनेच असा दिला, मग आम्ही पुन्हा पैसे का भरायचे?

परदेशी_पाखरू: मला तर काहीच पडले नव्हते.

जुना_रोखपाल: तुमचा पीडीएफ होता हो! सदाफुली, शुल्क प्रत्येक बँकेचे वेगळे असते. पहिली प्रत अपुरी होती म्हणून ते माफ करावे, असे एक वाक्य पत्रात घाला. मानतील की नाही, ते शाखाधिकाऱ्यावर आहे.