शब्दचर्चा: फरशी झाडणारा रोबो ‘वळसा घालतो’ की पट्टा ‘तोडतो’?

उंबरठा: फरशी झाडणाऱ्या रोबोच्या माहितीपुस्तिकेचं मराठीकरण करते आहे. रोबो भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत सरळ जातो, तिथे वळतो आणि शेजारच्या पट्ट्यातून परत येतो. याला मी ‘येरझारा’ लिहिलं. मध्ये पलंग किंवा कपाट आलं की ‘वळसा घालून पुढे जातो’ असं लिहिलं. संपादकांनी दोन्हींवर खूण केली आहे. येरझारा एकाच वाटेवर घालतात, असं त्यांचं म्हणणं. ‘नागमोडी’ चालेल का? आणि ‘वळसा’मध्ये काय चुकलं?

शब्दवेल्हाळ: ‘नागमोडी’ करा, मुलांनासुद्धा कळतं. ‘वळसा’ अगदी बरोबर आहे, खूण का केली कळत नाही. अडथळा आला, बाजूने गेला, पुन्हा आपल्या रेषेवर आला, याला वळसाच म्हणतात. आणि पट्टे नेहमी खोलीच्या लांब बाजूने असतात हेही पुस्तिकेत लिहा, वळणं कमी होतात.

चाकोरी: मी याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ‘नागमोडी’ नको. नागमोडीत वाट सतत वाकते, इथे पट्टे सरळ आणि समांतर असतात, वळण फक्त टोकाला. या चालीचं मूळ ग्रीक नावच नांगरणीवरून आलं आहे: बैल शेताच्या टोकाला वळून पुढचं तास धरतात, तसं. प्राचीन ग्रीक शिलालेखांत एक ओळ डावीकडून उजवीकडे आणि पुढची उजवीकडून डावीकडे कोरलेली असे, त्यालाही हेच नाव आहे. ते रोबोंच्या नियोजनात रूढ केलं हॉवी चोसेट आणि फिलिप पिन्यों यांनी, 1997 मध्ये.

आता ‘वळसा’. खूण योग्य आहे, कारण चांगला रोबो प्रत्येक पट्ट्यावर वळसा घालतच नाही. खोली 6 मीटर लांब, 4 मीटर रुंद धरा. बरोबर मधोमध 2 मीटर बाय 1.2 मीटरचा पलंग, लांबीला समांतर, खाली शिरता न येण्याइतका बुटका. रोबोचा व्यास 34 सेंटिमीटर, म्हणून त्याचा मध्य पलंगाच्या 17 सेंटिमीटरहून जवळ जाऊ शकत नाही. नियोजनात पलंग चारी बाजूंनी तेवढा फुगवूनच धरतात. पट्टे साधारण 25 सेंटिमीटरवर घेतले की लांबीने 16 बसतात, आणि त्यांतले मधले 6 पलंगावर अडतात.

या सहाही पट्ट्यांवर वळसा घातला, तर रोबो दरवेळी पलंगाच्या कडेने सव्वादोन मीटरहून जास्त चालतो, तेही आधीच झाडलेल्या किंवा पुढे झाडायच्याच जागेवरून. एवढ्यानेच 14 मीटर फुकट जातात, वर बाजूला सरकून परत येण्याचं अंतर वेगळं.

म्हणून तो खोलीचे कप्पे पाडतो. पट्ट्यांना समांतर एक रेषा खोलीवरून सरकवत न्यायची. ती पलंगाला लागली की तिचे दोन तुकडे होतात, पलंग संपला की पुन्हा एक होते. जिथे तुटते आणि जिथे जुळते तिथे कप्प्यांच्या सीमा. आपल्या खोलीत चार कप्पे पडले: पलंगाच्या अलीकडचा, उजवा, पलीकडचा आणि डावा. एका कप्प्यातले सगळे पट्टे संपवून मगच पुढच्यात जायचं.

शब्दवेल्हाळ: पण उजवा कप्पा संपवून डाव्यात जायला पलंगाला वळसा लागेलच की!

चाकोरी: या खोलीत लागत नाही, आणि ते बघण्यासारखं आहे. डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करा. अलीकडच्या कप्प्यात 5 पट्टे, म्हणजे शेवट उजव्या भिंतीशी. तिथूनच उजवा कप्पा सुरू. त्यात 6 तोकडे पट्टे, सम संख्या, म्हणून शेवट पुन्हा उजव्या भिंतीशीच. मग पलीकडचे 5, ते डाव्या भिंतीशी संपतात. राहिला डावा कप्पा, तो उतरत्या क्रमाने. रिकामी चाल जवळजवळ शून्य. अडलेले पट्टे 6 ऐवजी 7 असते, तर उजव्या कप्प्याचा शेवट पलंगाशी झाला असता आणि भिंतीपर्यंत दीडएक मीटर रिकामं चालावं लागलं असतं.

लांब बाजूचा नियम रिकाम्या खोलीत खरा. सामान आलं की प्रत्येक कप्प्यात किती पट्टे बसतात त्याची बेरीज बघावी लागते. लांब भिंतीला काटकोनात दोन-तीन लांब कपाटं पुढे आलेली असतील, तर आखूड बाजूने जाणंही फायद्याचं ठरतं.

सुधाताई: माझा प्रश्न शब्दाचा नाही, पण विषय निघालाच आहे म्हणून विचारते. आमचा रोबो सगळी खोली फिरतो, पडद्यावर पूर्ण झाल्याचं दाखवतो, तरी फरशीवर धुळीच्या रेघा उरतात. हे कप्पे चुकल्यामुळे होतं का?

चाकोरी: सुधाताई, आधी रेघेचा आकार बघा. रेघ सगळीकडे सारख्या रुंदीची असेल, तर ब्रशची पोच कमी झाली आहे. बाजूच्या ब्रशचे केस झिजले की असं होतं. रोबोला वाटतं आपण 28 सेंटिमीटर झाडतो, प्रत्यक्षात 23 झाडले जातात. रेघ एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला रुंद, पाचरीसारखी असेल, तर दिशा चुकते आहे. लागोपाठच्या दोन पट्ट्यांच्या दिशेत एका अंशाचा फरक पडला, तर 5 मीटरवर जवळपास 9 सेंटिमीटरची फट उघडते. शेजारच्या पट्ट्यांचा एकमेकांवरचा चढाव 3 सेंटिमीटर असेल, तर तो कुठे पुरणार? सतरंजीवर चाक घसरलं तरी असं होतं. कप्प्याची चूक असती, तर रेघ नाही, अख्खा तुकडा राहिला असता.

सुधाताई: पाचरच आहे, आणि नेमकी सतरंजीनंतर सुरू होते.

उंबरठा: मग मी असं लिहिते: ‘अडथळ्यापाशी पट्टा तुटतो. रोबो एका बाजूचा भाग पूर्ण करून मग दुसऱ्या बाजूचा भाग घेतो.’ ‘येरझारा’च्या जागी ‘उलटसुलट पट्टे’. ‘तास’ फार आवडला होता, पण आज वाचणारा तो घड्याळाचा समजेल.

शब्दवेल्हाळ: ‘उलटसुलट’ला अस्ताव्यस्तपणाचा वास येतो. ‘जात्या-येत्या पट्ट्यांनी’ कसं वाटतं? आणि वळसा पूर्णपणे काढू नका. मध्येच चप्पल पडलेली असेल, तर रोबो काय तिच्यासाठी कप्पे पाडणार?

चाकोरी: हे पटलं. नकाशात नसलेली, ऐनवेळी सापडलेली छोटी वस्तू आली की तो खरोखर वळसा घालून आपल्या पट्ट्यावर परत येतो. प्रत्येक चपलेसाठी कप्पे पाडले तर चिंचोळ्या कप्प्यांत वळणंच जास्त होतील. तेव्हा मोठ्या सामानाला ‘पट्टा तुटतो’ आणि किरकोळ वस्तूला ‘वळसा’ असे दोन्ही शब्द ठेवा.

उंबरठा: आणि खुर्ची? पुस्तिकेत नेमकं खुर्चीचंच चित्र आहे.

चाकोरी: खुर्चीवर आमच्यातही एकमत नाही. दोन पायांमध्ये 40 सेंटिमीटर जागा असली, तर 34 चा रोबो आत जातो, पण दोन्ही बाजूंना जेमतेम 3 सेंटिमीटर उरतात. दिशा थोडी हलली की तो पायाला घासतो आणि आत अडकतो. काही जण चार पाय चार अडथळे धरतात आणि आत झाडतात, काही अख्खी खुर्ची एक ठोकळा धरून खालची धूळ सोडून देतात. तुमचा रोबो यातलं काय करतो ते बनवणाऱ्यांना विचारा, शब्द त्यावर ठरेल.