गालाला ब्रश लागला की नसलेल्या अंगठ्याला स्पर्श कळतो – मदत हवी आहे

औसेकर: मागच्या हंगामात सोयाबीनच्या मळणी यंत्रात सापडल्यामुळे माझ्या वडिलांचा उजवा हात कोपराच्या वरून काढावा लागला. जखम केव्हाच भरली आहे, तरीही त्या नसलेल्या हाताची मूठ आवळली जाते आणि नखे तळव्यात रुततात, असे ते रात्री-अपरात्री सांगतात. परवा न्हाव्याने उजव्या गालावर ब्रश फिरवताच "माझ्या अंगठ्याला कोण शिवलं?" म्हणून ते दचकले. हा मनाचा खेळ आहे की मेंदूत खरोखर काही घडत असते?

रानवारा: मेंदूत साऱ्या शरीराचा नकाशा असतो. हाताची जागा रिकामी पडली की शेजारचा चेहरा तिच्यावर अतिक्रमण करतो, आणि वेदना त्यातूनच होते. आरशाचा व्यायाम केला की नकाशा पूर्ववत होतो.

परळीच्या काकू: मधुमेहामुळे माझ्याही तळपायाला मुंग्या येतात. मला दिलेली गोळी त्यांना चालेल का?

भौतिकोपचार_नांदेड: काकू, आपला पाय जागेवर आहे आणि तक्रार त्यातल्या नसांची आहे, त्यामुळे आपली गोळी त्यांना परस्पर देऊ नये.

मेंदूचे शल्यचिकित्सक पेनफिल्ड यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असलेल्या रुग्णांच्या मेंदूला सौम्य विद्युतप्रवाह लावून, कोठे लावल्यावर कोणता अवयव जाणवतो, याची नोंद केली आणि ती 1937 साली प्रसिद्ध झाली. त्या नकाशात पाय दोन्ही अर्धगोलांमधल्या फटीत येतो, तर हाताच्या खाली लगेच चेहरा येतो. शरीरावर दूर असलेले गाल आणि अंगठा तेथे शेजारी आहेत. त्यामुळे वडिलांचा अनुभव खरा आहे.

वेदनेबाबत मात्र रानवारा यांचे म्हणणे अर्धेच टिकते. 1995 साली जर्मनीतील अभ्यासात नकाशातले ओठ हाताच्या जागेकडे जितके अधिक सरकलेले दिसले, तितकी वेदना अधिक आढळली. 2013 साली ऑक्सफर्डमध्ये लोकांना नसलेला हात हलवण्यास सांगितले, तेव्हा ज्यांच्या मेंदूत हाताची जागा अधिक जागी राहिली होती, त्यांनाच वेदना अधिक होती. हा वाद अजून मिटलेला नाही.

म्हणून आधी उरलेल्या दंडाच्या टोकावर बोटाने हलकेच टिचक्या मारून पाहा. एकाच बिंदूवर झटका येऊन तो बोटांपर्यंत जात असेल, तर कापलेल्या नसेच्या टोकाला गाठ झाली असण्याची शक्यता आहे आणि ती शल्यचिकित्सकांना दाखवावी. तेथे आरशाने भागणार नाही. अन्यथा छातीसमोर आरसा उभा धरून डावा हात त्यात उजव्या हातासारखा दिसेल असा ठेवावा, वडिलांना जाणवते तशीच डावी मूठ आधी आवळावी आणि मग सावकाश उघडावी. रोज पंधरा मिनिटे पुरेत. काहींची वेदना याने वाढते. तसे झाल्यास थांबावे.

औसेकर: आतल्या बाजूच्या एका जागी टिचकी मारताच करंगळीपर्यंत झटका गेला, म्हणून सोमवारी दाखवणार आहोत. आरशात मूठ उघडताना नखे सैल झाल्याचे वडील म्हणाले, पण रात्री ती पुन्हा आवळली.

रानवारा: म्हणजे झटका करंगळीला आणि गालाचा स्पर्श अंगठ्याला. मग आवळलेली मूठ या दोहोंपैकी कशामुळे?

भौतिकोपचार_नांदेड: कदाचित दोन्हींमुळे. गाठीवर उपचार झाल्यानंतर मूठ उरते का, ते कळवा.