मदत हवी आहे: जस्त-तांब्याच्या घटातून १.१० व्होल्ट का मिळत नाहीत?

धागाकर्ती: मुलीच्या प्रकल्पासाठी पेलाभर पाण्यात दोन चमचे मीठ विरघळवून त्यात जस्ताची आणि तांब्याची पट्टी एकमेकींना न टेकता उभी केली. पुस्तकात या जोडीसाठी १.१० व्होल्ट दिले आहेत. मल्टिमीटर मात्र ०.७६ दाखवतो आणि छोटी मोटर जोडताच आकडा ०.३ वर येतो. मीठ दुप्पट करूनही फारसा फरक पडला नाही. माझे काय चुकते आहे?

हौशी_तंत्रज्ञ: पट्ट्या मोठ्या घ्या आणि जवळ आणा, म्हणजे व्होल्टेज वाढेल.

विद्युत_रसायन: वरील उपायाने घटाचा अंतर्गत रोध कमी होऊन मोटरला अधिक प्रवाह मिळेल, हे खरे; परंतु काहीही न जोडता दिसणारा आकडा पट्टीच्या आकारावर ठरत नाही. तो दोन्ही पट्ट्यांवर प्रत्यक्ष कोणती अभिक्रिया चालते, यावर ठरतो. पुस्तकातील १.१० हा आकडा जस्त स्वतःच्या आयनांच्या आणि तांबे स्वतःच्या आयनांच्या ठरावीक तीव्रतेच्या द्रावणात असतानाचा आहे. तुमच्या पेल्यात तांब्याचे आयन जवळजवळ नाहीतच. जस्त विरघळून इलेक्ट्रॉन सोडते, पण तांब्याच्या पृष्ठभागावर ते इलेक्ट्रॉन मुख्यतः पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन घेतो. म्हणजे तांबे तेथे केवळ आधाराला उभे आहे. असा ऑक्सिजन थोडाच असल्यामुळे मोटर जोडली की तो पट्टीजवळ संपतो आणि आकडा कोसळतो. मोटर चालू असताना पाणी ढवळून पाहा. मीठ फक्त आयनांची वाट मोकळी करते.

विहिरीवाला: आमच्या खाऱ्या पाण्याच्या विहिरीवरील जस्तलेपित नळ पितळी व्हॉल्व्हपाशीच गंजतो. हे तेच का?

विद्युत_रसायन: बहुधा तेच. तेथे नळ आणि व्हॉल्व्ह थेट जोडलेले असल्यामुळे मोजायला व्होल्टेज उरत नाही, धातू मात्र झिजत राहतो. नेमके कारण पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

धागाकर्ती: ढवळल्यावर आकडा ०.३ वरून ०.४ झाला! मग तांब्याचे आयन मिळावेत म्हणून त्याच पाण्यात मोरचूद टाकू का?

विद्युत_रसायन: तसे करू नका, तांबे थेट जस्तावरच बसेल, जस्त काळे पडेल आणि इलेक्ट्रॉन तारेतून जाण्याची गरजच उरणार नाही. न भाजलेली नव्हे, तर भाजलेली पण लुकण न दिलेली मातीची कुंडी घ्या, तिचे भोक बुजवा, आत तांबे आणि मोरचुदाचे द्रावण ठेवा, बाहेर मीठपाणी आणि जस्त. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ डॅनियलने १८३६ मध्ये अशाच सच्छिद्र भिंतीने दोन द्रावणे वेगळी ठेवली होती. मोरचूद विषारी आहे, हे मुलीला सांगा.

धागाकर्ती: कुंडीने १.०५ दिले. दुसऱ्या दिवशी मात्र ०.९ च उरले आणि जस्तावर काळसर थर दिसला.

विद्युत_रसायन: मोरचूद मातीतून झिरपले असावे. जस्त घासून पुन्हा मोजा. तरीही आकडा कमीच आला, तर कारण अन्यत्र शोधावे लागेल.