शाळा सोडवण्याआधी कोणती पुस्तकं वाचावीत?

गोदाकाठ
मुलगी आठ वर्षांची, तिसरीत, इंग्रजी माध्यम. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं, रविवारी दुखत नाही. येत्या जूनपासून तिला शाळेतून काढून घरीच शिकवावं असं आम्हा दोघांच्या मनात आहे. ‘तोत्तोचान’ आणि ‘दिवास्वप्न’ लागोपाठ वाचली आणि जवळजवळ ठरलंच. सासू-सासरे विरोधात आहेत. आणखी कोणती पुस्तकं वाचावीत? मराठी असेल तर उत्तम, हिंदी-इंग्रजीही चालेल.

पाटीपेन्सिल
या दोन पुस्तकांवरून एवढ्यात ठरवू नका. माझी दोन्ही मुलं घरीच शिकली, त्यामुळे मी घरच्या शिक्षणाच्या विरोधात असण्याचा प्रश्नच नाही. पण तुम्ही वाचलेली दोन्ही पुस्तकं शाळेची आहेत.

तोत्तोचानला पहिल्या शाळेनं काढलं तेव्हा तिच्या आईनं तिला घरी ठेवलं नाही, दुसऱ्या शाळेत नेलं. तिथे पहिल्याच दिवशी तिचं बोलणं चार तास ऐकणारे मुख्याध्यापक कोबायाशी होते. रेल्वेच्या डब्यांतले वर्ग होते, पोहायला आणि भांडायला पन्नासेक मुलं होती. गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक तर अधिकाऱ्याकडून चौथीचा अख्खा वर्ग एका वर्षासाठी मागून घेतो. गिजुभाईंचा सगळा प्रयोग वर्गावरचा आहे. तुमच्या घरी वर्ग नसेल, कोबायाशी नसतील. तुम्ही दोघं आणि ती एकटी असेल. ही पुस्तकं वाचून शाळेचा राग येतो आणि तो बऱ्याचदा रास्तही असतो. पण मंगळवारी सकाळी अकरा वाजता मुलीबरोबर काय करायचं, ते त्यांत शोधू नका.

मी सांगेन जॉन होल्ट वाचा, आणि त्याच्या क्रमानं वाचा. आधी ‘हाऊ चिल्ड्रन फेल’, 1964 चं. हिंदीत एकलव्यनं ‘बच्चे असफल कैसे होते हैं’ या नावानं काढलं आहे. मग ‘हाऊ चिल्ड्रन लर्न’, 1967 चं. आणि सगळ्यात शेवटी ‘टीच युवर ओन’, 1981 चं. शाळा सुधारता येईल असं मानणारा हा शिक्षक घरच्या शिक्षणापर्यंत कसा आला, ते या क्रमानं वाचलं तरच कळतं. बहुतेक जण थेट शेवटच्या पुस्तकाला हात घालतात आणि अमेरिकेतल्या शाळा मंडळांशी कसं बोलायचं, कोर्टात काय मांडायचं यात अडकतात. त्या भागाचा आपल्याला उपयोग नाही.

झेडपी_गुरुजी
पाटीपेन्सिल ताईंचं पहिलं म्हणणं शंभर टक्के पटलं, दुसरं नाही.

मी गेली कित्येक वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. ‘दिवास्वप्न’ आम्हा शिक्षकांसाठी लिहिलेलं पुस्तक आहे. त्यातला पहिला दिवस आठवा. शिक्षक मोठ्या हौसेनं शांतीचा खेळ घ्यायला जातो, पोरं धिंगाणा घालतात आणि शेवटी त्याला सुट्टी द्यावी लागते. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो तेव्हा कुठे वर्ग त्याच्या बाजूला येतो. माणूस शिकलेला, विचार केलेला, तरी त्याचा पहिला दिवस फसतो. मग ज्यांनी आयुष्यात कधी मुलांना शिकवलेलं नाही त्यांनी तेच पुस्तक वाचून शाळा सोडायची, हे मला समजत नाही.

आणि होल्टला स्वतःचं मूल नव्हतं. लोकांच्या वर्गात बसून निरीक्षणं टिपणं वेगळं, आणि ताप आलेल्या मुलीला मांडीवर घेऊन सातचा पाढा म्हणून घेणं वेगळं. तुमच्यासारखे पालक निघून गेले की शाळेत प्रश्न विचारणारं कोण उरतं, याचाही विचार करा. मुलीचं पोट का दुखतं हे वर्गशिक्षिकेला विचारलंत का? आधी डॉक्टर, मग बाई, मग पुस्तकं.

विधिज्ञ_नाही_पण
पुस्तकांची चर्चा नंतर करा, मुळात हे बेकायदेशीर आहे. शिक्षण हक्क कायद्यात 6 ते 14 वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं पालकाचं कर्तव्य म्हटलंय. पोलीस येतील दारात. शिवाय मुक्त विद्यालयाची बारावी मेडिकलला चालत नाही. मुलीच्या भवितव्याशी खेळू नका.

पाटीपेन्सिल
विधिज्ञ, अर्धं बरोबर आहे. 2009 च्या कायद्याचं कलम 10 तेच सांगतं, पण ते न पाळणाऱ्या पालकाला त्या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. दंड आहे तो कलम 18 मध्ये, मान्यता नसताना शाळा चालवणाऱ्याला. म्हणून आठ-दहा घरांनी मिळून फ्लॅट भाड्यानं घ्यायचा, बाई नेमायच्या, फी गोळा करायची असा बेत असेल तर जपून. आपलं मूल आपल्या घरी, एवढ्यावर कोणी पोलीस पाठवत नाही. मात्र कायद्यानं घरच्या शिक्षणाला स्पष्ट मान्यताही दिलेली नाही. हे गोदाकाठ ताईंनी सासू-सासऱ्यांना खरं खरं सांगावं.

परत यायची वाटही याच कायद्यात आहे. कलम 4 प्रमाणे शाळाबाह्य मुलाला वयानुसार योग्य वर्गात घ्यावं लागतं आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यावं लागतं. सरकारी किंवा पालिकेच्या शाळेत हे होतं. खासगी शाळा जागा नाही म्हणू शकते. त्यामुळे चांगली शाळा सुटली की ती परत मिळेलच असं धरून चालू नका.

मेडिकलचं जुनं झालं. नीटमधून मुक्त विद्यालयाची मुलं वगळणारी अट दिल्ली उच्च न्यायालयानं 2018 मध्ये रद्द केली आणि पुढे वैद्यकीय आयोगानंही ती बारावी मान्य केली. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयात वय 14 पूर्ण लागतं, पाच विषय पास व्हावे लागतात, आणि ते पाच वर्षांत नऊ संधींत विभागून देता येतात. माझ्या थोरल्यानं दोन-दोन विषय करत दिली. तुमची मुलगी आठची आहे, म्हणजे हा प्रश्न सहा वर्षांनी येणार.

आता गुरुजी. होल्टला मूल नव्हतं हे खरं, पण म्हणूनच त्याचं पहिलं पुस्तक कामाचं आहे. त्यात तो उपाय सांगत बसत नाही, बघत बसतो. त्यातला एक खेळ तुम्हीही वर्गात घेऊन बघा. तो मनात 1 ते 10,000 मधला आकडा धरायचा आणि मुलांनी हो-नाही प्रश्न विचारून तो ओळखायचा. कोणी विचारायचं, “5,000 ते 10,000 मध्ये आहे का?” तो ‘हो’ म्हणाला की वर्ग ओरडायचा, ‘नाही’ म्हणाला की हिरमुसायचा. वास्तविक दोन्ही उत्तरांनी माहिती सारखीच मिळते, निम्मे आकडे कटतात. पण मुलांना माहिती नकोच असते, त्यांना ‘हो’ ऐकायचं असतं.

गोदाकाठ, हाच खेळ मुलीबरोबर 1 ते 100 वर खेळा. निम्मं-निम्मं करत गेलं तर सात प्रश्नांत आकडा सापडतोच. तो सापडतो की नाही याकडे लक्षच देऊ नका, ‘नाही’ ऐकल्यावर तिचा चेहरा बघा. ती तुमच्याकडे बघून अंदाज बांधते का? उत्तर मिळालेला प्रश्न घाईघाईनं पुन्हा विचारते का? घरी तुमच्यासमोरही असं होत असेल तर ती भीती शाळेबरोबर जाणार नाही, कारण उद्या बाईंच्या जागी तुम्ही असाल. घरी मोकळेपणानं खेळते आणि गृहपाठाची वही उघडली की आखडते, तर मग वर्गात काय चाललंय ते शोधायला हवं.

झेडपी_गुरुजी
खेळ उद्याच घेतो. पण एका खेळावरून एवढं ठरत नाही. मुलं आईसमोर वेगळी असतात, भावंडांसमोर वेगळी. आणि समजा वर्गातच काही बिघडलंय असं निघालं, तरी तुकडी बदलणं, शाळा बदलणं, मराठी माध्यमात आणणं या सगळ्या पायऱ्या मध्ये आहेत. आठ वर्षांची पोर तिसरीत परक्या भाषेत परिसर अभ्यास घोकतेय, याकडे कोणाचंच लक्ष कसं नाही? लीलाताई पाटलांचं ‘शिक्षण देता-घेता’ वाचा. कोल्हापूरच्या सृजन आनंदमध्ये काय होऊ शकलं ते बघा आणि मग तशी शाळा शोधा.

मोगरा_सातारा
माझा मुलगा सातवीत आहे, वाचताना अक्षरं उलटीसुलटी होतात. अशा मुलांना घेणारी पर्यायी शाळा पुण्यात कोणती, कोणी सांगेल का? फी झेपणारी हवी.

पाटीपेन्सिल
मोगरा ताई, शाळेआधी तपासणी करून घ्या, सरकारी रुग्णालयात होते. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळालं की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात. ते कुठल्याही शाळेत लागेल. तुमचा प्रश्न वेगळा धागा करून विचारा, इथे हरवेल.

ऋतुजा_ठाणे
मी एक वर्ष मुलाला घरी ठेवून परत शाळेत घातलं, म्हणून लिहिते. शिकण्याची अडचण कधीच आली नाही. दीड तासात शाळेच्या दिवसाचा अभ्यास होतो, हे पुस्तकांत लिहिलंय तसंच झालं. उरलेल्या दिवसाचं काय, हे कुठल्याच पुस्तकानं नीट सांगितलं नाही. सोसायटीतली सगळी मुलं चार वाजेपर्यंत शाळेत, नंतर क्लासला. माझा मुलगा खिडकीत. त्याला सोबत हवी म्हणून मी नोकरी अर्धवेळ केली, नवऱ्याची तशीच राहिली. यावर आमची जी भांडणं झाली ती मुलाच्या शाळेवरून कधी झाली नव्हती. ‘टीच युवर ओन’मध्ये शेकडो घरांची पत्रं आहेत, होल्टच्याच मासिकाला आलेली. पण ती बहुतेक टिकून राहिलेल्या घरांची आहेत. सोडून दिलेली घरं कशाला पत्र लिहितील?

पाटीपेन्सिल
हा आक्षेप अगदी बरोबर आहे, ऋतुजा. ती पत्रं पुरावा म्हणून वाचू नयेत, वेळापत्रकासाठी वाचावीत. कोण घरी असतं, पैसे कुठून येतात, दुपारी मूल कुठे जातं, एवढंच पत्रागणिक शोधायचं. आमच्याकडे सोबतीचा प्रश्न तालीम आणि ग्रंथालयानं सोडवला, पण आम्ही लहान गावात होतो आणि दोन मुलं होती. एकुलत्या एका मुलीचं शहरात कसं होईल, ते मला सांगता येणार नाही.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. काल रात्री आकड्याचा खेळ खेळलो. पहिल्या ‘नाही’ला तिनं माझ्याकडे बघितलं आणि “सॉरी” म्हणाली. मला धस्स झालं. बाबांबरोबर खेळताना मात्र हसत होती, चार ‘नाही’ आले तरी. होल्टचं हिंदी पुस्तक मागवलंय. सोमवारी वर्गशिक्षिकेला भेटायला जातोय, डॉक्टरांची वेळही घेतलीय. शाळा सोडल्याचा दाखला सध्या मागत नाही.

झेडपी_गुरुजी
बाईंना भेटाल तेव्हा मुलीला बरोबर नेऊ नका. आणि वही दाखवा म्हणा, मार्क नकोत. लाल शाईनं काय लिहिलंय ते वाचा.

ऋतुजा_ठाणे
बाबांबरोबर हसते, तर घरी राहणार कोण, तुम्ही की ते?