दर वेळी उरलेल्याचं निम्मं

> "कॅफिनचं अर्धायुष्य पाच तास, म्हणजे दहा तासांत कॉफी पूर्ण बाहेर ना? मग ऐरोलीच्या ऑफिसात सहाला एक कप घेतला की रात्री झोप का उडते?"

नाही, दर पाच तासांनी मूळ कपाचं नव्हे, उरलेल्याचं निम्मं जातं. कपात १०० मिलिग्रॅम कॅफिन धरा. सहाला प्यायलात तर रात्री अकराला ५०, पहाटे चारला २५, सकाळी नऊला साडेबारा. म्हणजे दुसऱ्या दिवशी ठाणे-वाशी लोकल पकडता तेव्हाही थोडं अंगात असतंच. पाच अर्धायुष्यांनी जेमतेम तीन टक्के उरतं. औषधांच्या बाबतीतही साधारण तेव्हाच ते शरीरातून गेलं असं धरतात.

पण पाच तास ही सरासरी झाली, आणि खरी मेख इथेच आहे. कॅफिन मोडण्याचं काम यकृतातलं एक एन्झाइम करतं. गर्भनिरोधक गोळ्या त्याला मंदावतात, त्यामुळे अर्धायुष्य जवळपास दुप्पट होतं. मग सहाच्या कपातले अकराला ५० नाही, सुमारे ७० मिलिग्रॅम उरतात. गोळ्या चालू असतील तर दुपारी एकचा कपही रात्री अकराला निम्मा शिल्लक असतो. कॉफी सकाळीच घ्या. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.