मदत हवी आहे: ‘सर्व्हरवरचा’चं ‘सरोवरचा’ होतंय!

व्हिस्पर वापरून मीटिंगची रेकॉर्डिंग उतरवतोय. निव्वळ मराठी वाक्यं बरी येतात, पण इंग्रजी शब्दाला मराठी प्रत्यय लागला की घोळ. `language="mr"` दिलं तर ‘सर्व्हरवरचा’चं ‘सरोवरचा’ होतं (हसावं की रडावं!). न दिलं तर पहिल्या 30 सेकंदांवरून भाषा ठरते आणि सुरुवात इंग्रजीत असली की पुढचं सगळंच बिघडतं.

`initial_prompt` मध्ये ‘सर्व्हरवर, बॅकअपचा’ अशी प्रत्ययांसकट यादी दिली. पहिल्या अर्ध्या मिनिटात फरक पडला, नंतर पुन्हा तेच. रेकॉर्डिंगचे तुकडे करून प्रत्येकाला यादी द्यावी, की आमच्याच आवाजांवर फाइन-ट्यून करावं?

शिवाय चुका मोजताना ‘फाइल’, ‘फाईल’ आणि रोमन लिपीतलं रूप एकच कसं धरता? सध्या बरोबर ऐकलेला शब्दही चुकीत जातोय.